पुष्कराज, टोपाझ आणि सिट्रीन : ओळख आणि किंमत

पिवळ्या रंगाची ही तीन रत्ने सराफ बाजारात एकमेकांच्या नावाने फिरतात. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. तो कुरुंदाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक असतो. टोपाझमध्ये ॲल्युमिनियमसोबत सिलिका आणि फ्लोरिन असते. सिट्रीन, ज्याला बाजारात सुनेला म्हणतात, तो पिवळा क्वार्ट्झ होय. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत पुष्कराज सापडत नाही. इथला माल बाहेरून, बराचसा जयपूरच्या व्यापारातून येतो. गिऱ्हाईक बहुधा गुरूच्या अंगठीसाठी येते आणि ‘सव्वापाच रत्ती’ असे वजन आधीच ठरवून आलेले असते. दुकानदाराने पुढे ठेवलेला खडा या तिघांपैकी कोणता, हे रंगावरून सांगता येत नाही. तिन्ही फिकट लिंबू रंगापासून मधाळ पिवळ्यापर्यंत मिळतात.

जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत ओळख पटवण्याचे उत्तम साधन गल्ल्याशेजारीच असते : मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. कुरुंदाची घनता पाण्याच्या सुमारे ४ पट, टोपाझची साधारण साडेतीन पट आणि क्वार्ट्झची २.६५ पट असते. खडा सुटा असेल, तर दहा मिनिटांत निकाल लागतो. आधी खडा कोरडा तोलावा. मग प्लॅस्टिकच्या हलक्या पेल्यात पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवावा (काचेचा पेला बारीक काट्याच्या क्षमतेबाहेर जाऊ शकतो). बारीक दोरा पाण्यात सोडून काटा शून्यावर आणावा. नंतर त्याच दोऱ्याला खडा बांधून तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरावा. आता काटा खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते.

समजा, सव्वापाच रत्तीच्या आसपासचा एक खडा कोरडा ०.९६० ग्रॅम भरला. पाण्यात काट्याने ०.२४० दाखवले, तर भागाकार ४.०० येतो आणि खडा कुरुंदाचा ठरतो. तोच आकडा ०.२७२ च्या जवळ आला तर टोपाझ, ०.३६२ च्या जवळ आला तर सिट्रीन. सिट्रीन तर डोळ्यालाही सापडतो, कारण त्याच वजनात तो पुष्कराजाच्या दीडपट जागा व्यापतो. वजनाच्या मानाने खडा फार मोठा वाटला, तर अनुभवी सराफ तिथेच थबकतो.

परीक्षा फसते ती हवेच्या बुडबुड्यांनी. खड्याखाली चिकटलेला दोन मिलिमीटरचा बुडबुडा चार मिलिग्रॅम पाणी जादा सारतो. वरच्या खड्यात त्याने घनता ४.०० वरून ३.९३ होईल, म्हणजे निकाल बदलणार नाही. पण खडा एकच कॅरटचा, म्हणजे ०.२०० ग्रॅमचा असेल, तर तोच बुडबुडा अस्सल पुष्कराजाला ३.७ वर आणून टोपाझच्या दिशेने ढकलतो. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब घालावा, खडा आधी ओला करावा आणि लहान खड्याचे वजन तीनदा घ्यावे. कोंदणात बसवलेल्या खड्याला ही रीत लागू पडत नाही. तिथे प्रकाशाचे वक्रीभवन मोजणारे उपकरण लागते. त्यावर सिट्रीन १.५५, टोपाझ १.६२ आणि पुष्कराज १.७६ च्या आसपास दिसतो, गल्लत होण्याइतके हे आकडे जवळ नाहीत.

घरगुती परीक्षांपैकी दुधात ठेवणे निरर्थक आहे. खड्याने खडा खरवडून पाहणे तर घातक. टोपाझ कठीण असला तरी एका ठरावीक पातळीत तो सहज दुभंगतो. उन्हात ठेवण्याच्या रीतीत मात्र थोडे तथ्य आहे. किरणोत्साराने पिवळा केलेला कुरुंद उन्हात काही तासांत किंवा दिवसांत फिका पडू शकतो. पण त्याने कळते ती रंगावरची प्रक्रिया, खड्याची जात नव्हे.

घनता ४ आली म्हणजे खडा अस्सल पुष्कराज असेलच असे नाही, आणि खरी फसवणूक इथेच होते. कारखान्यात ज्वालेत वितळवून बनवलेला कुरुंद विसाव्या शतकाच्या आरंभापासून विकला जातो. त्याची घनता, कठीणपणा, वक्रीभवन सगळे नैसर्गिकासारखेच असते. फरक आतल्या खुणांत असतो. दहापटीच्या भिंगाखाली नैसर्गिक खड्यात रेशमासारख्या बारीक सुया, बोटाच्या ठशासारखे डाग किंवा सरळ कडांचे रंगपट्टे दिसतात. कृत्रिम खड्यात गोल बुडबुडे आणि वक्र रेषा. पिवळ्या रंगात या वक्र रेषा फारच पुसट असतात. त्यामुळे अगदी निर्मळ आणि स्वस्त ‘पुष्कराज’ प्रयोगशाळेत दाखवूनच घ्यावा.

किमतीचे कारण खडकात आहे. पृथ्वीच्या कवचात सिलिका मुबलक असते आणि ॲल्युमिनियम बहुतेक वेळा तिच्याशी जोडले जाऊन फेल्डस्पारसारखी साधी खनिजे बनतात. सिलिका कमी आणि ॲल्युमिनियम जास्त अशा मोजक्या जागीच कुरुंद उरतो. त्यातही मोठा, स्वच्छ, पिवळा स्फटिक आणखी विरळा. श्रीलंकेतला रत्नपुराचा परिसर त्यासाठी नावाजलेला आहे. याउलट क्वार्ट्झ बेसाल्टच्या पोकळ्यांतही भरपूर वाढतो. खानदेशच्या काळ्या पाषाणात विहीर खणताना पांढरे, कधी जांभळट स्फटिक निघतात, ते याच कुळातले. ब्राझीलच्या दक्षिणेत अशाच बेसाल्टमधून जांभळा क्वार्ट्झ मोठ्या प्रमाणावर निघतो आणि तो चारपाचशे अंशांवर तापवला की पिवळा होतो. बाजारातला बहुतेक सिट्रीन असाच तयार झालेला असतो. टोपाझचे स्फटिक प्रचंड होतात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात २२,८९२ कॅरटचा पैलू पाडलेला पिवळा टोपाझ आहे. मात्र ब्राझीलच्या ओरो प्रेतोचा गुलाबी-नारिंगी ‘इम्पीरियल’ टोपाझ महाग असतो, तेव्हा ‘टोपाझ म्हणजे स्वस्त’ हा नियम सरसकट खरा नाही.

दुसरा भेद आकारमानाचा. मोठा निर्मळ सिट्रीन सहज मिळत असल्याने दहा कॅरटच्या खड्याचा दर कॅरटमागे दोन कॅरटच्या खड्यापेक्षा फारसा चढत नाही. पुष्कराजात मात्र वजन वाढले की कॅरटमागचा दरही चढतो. म्हणून पाच कॅरटच्या खड्यात दोघांमधली दरी एका कॅरटच्या खड्यातल्यापेक्षा कितीतरी रुंद होते. भारतातली ज्योतिषाची मागणी त्यात आणखी भर घालते, आणि ही मागणी न तापवलेल्या खड्यालाच विशेष असते.

पुष्कराजापुष्कराजांतही मोठा फरक असतो. साधा तापवून रंग खुलवलेला खडा, न तापवलेला खडा आणि बेरिलियम मुरवून पिवळा केलेला खडा, तिघांची घनता एकच. बेरिलियमची प्रक्रिया २००० नंतरच्या वर्षांत थायलंडमधून बाजारात पसरली. ती ओळखायला महागडी उपकरणे लागतात, सराफाच्या काट्याचा किंवा भिंगाचा तिथे इलाज नाही. म्हणून प्रमाणपत्रावर नुसते ‘नैसर्गिक’ वाचून थांबू नये, उष्णतेची किंवा इतर प्रक्रिया झाली आहे का ही ओळ शोधावी. वजन कॅरटमध्ये लिहून घ्यावे. रत्नांच्या व्यवहारात रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात, तर सोन्याच्या जुन्या तोल्यातली गुंज १२१ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. सव्वापाच म्हटल्यावर एका हिशेबात पावणेपाच कॅरटच्या वर, तर दुसऱ्यात सव्वातीनही भरत नाही.