माइनक्राफ्टमध्ये मॉड सुरक्षितपणे बसवणे

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत मॉड म्हणजे एक `.jar` फाइल. ती खेळात नवे ठोकळे, प्राणी किंवा यंत्रे आणते, काही मॉड तर फक्त खेळाचा वेग वाढवतात. पण ही फाइल नुसत्या चित्रांचा आणि आवाजांचा गठ्ठा नसते. तो एक पूर्ण प्रोग्राम असतो. खेळ सुरू झाला की त्याचा कोड संगणकावर तुमच्याच अधिकारांनी चालतो, म्हणजे तुम्हाला उघडता येणारी प्रत्येक फाइल त्यालाही उघडता येते. ब्राउझरमध्ये साठवलेले लॉगिनही त्यात आले. मॉडला कुंपण घालणारी कोणतीही भिंत खेळात नाही. मोबाइल आणि कन्सोलवरच्या बेडरॉक आवृत्तीचे अ‍ॅड-ऑन हा वेगळा प्रकार आहे. जावाचे मॉड तिथे चालत नाहीत. फोनवर खेळणाऱ्या मुलाला कोणी `.jar` फाइल किंवा ती चालवणारे अ‍ॅप देऊ केले, तर ते टाळलेलेच बरे.

मॉड खेळात भरण्याचे काम लोडर करतो. फोर्ज 2011 पासून आहे आणि मोठे, गुंतागुंतीचे मॉड बरीच वर्षे त्याच्यावरच वाढले. 2018 मध्ये आलेला फॅब्रिक हलका आहे आणि खेळाची नवी आवृत्ती निघाली की त्याची जुळणारी आवृत्ती लवकर येते. क्विल्ट ही फॅब्रिकमधून फुटलेली शाखा, तर निओफोर्ज 2023 मध्ये फोर्जमधून वेगळा झाला. एका लोडरसाठी लिहिलेला मॉड सहसा दुसऱ्यावर चालत नाही. क्विल्टवर मात्र फॅब्रिकचे बरेच मॉड चालतात, आणि खेळाच्या 1.20.1 या आवृत्तीवर फोर्ज व निओफोर्ज यांचे बहुतेक मॉड एकमेकांवर चालतात.

म्हणून आधी लोडर निवडायचा आणि मग मॉड शोधायचे, हा क्रम उलटा आहे. ज्या मॉडसाठी सगळा खटाटोप करायचा तो आधी ठरवावा, तो कोणत्या लोडरवर आणि खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो ते पाहावे, आणि त्यावरून लोडर घ्यावा. लोडर निवडण्याचा संबंध जुळणीशी आहे. सुरक्षिततेबाबत चारही लोडर सारखेच: आत आलेला कोड ते तपासत नाहीत, फक्त चालवतात. लोडर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. फॅब्रिकसाठी ते `fabricmc.net` आहे, निओफोर्जसाठी `neoforged.net`.

उदाहरण म्हणून खेळाची 1.20.1 आवृत्ती आणि चित्रणाचा वेग वाढवणारा सोडियम हा मॉड घेऊ. फॅब्रिकचा इन्स्टॉलर चालवून 1.20.1 निवडले की लाँचरमध्ये नवे प्रोफाइल तयार होते. त्या प्रोफाइलला स्वतंत्र गेम फोल्डर द्यावे, म्हणजे आधीच्या जगांना धक्का लागत नाही. जुने जग मॉडसह उघडायचेच असेल, तर `saves` फोल्डरची प्रत आधी काढून ठेवावी. त्यानंतर सोडियमची फाइल नव्या गेम फोल्डरातल्या `mods` मध्ये टाकायची. आवृत्ती चुकली किंवा मॉडला लागणारे दुसरे काही, उदाहरणार्थ फॅब्रिक एपीआय, राहून गेले, तर फॅब्रिक खेळ सुरूच करत नाही आणि काय कमी आहे ते पडद्यावर लिहून दाखवतो. ही चूक निरुपद्रवी आहे, कारण ती लगेच दिसते.

फाइल चुकीच्या ठिकाणाहून आली असेल, तर मात्र काहीच दिसत नाही, आणि खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. मॉडचे नाव शोधयंत्रात टाकले की मूळ पानाच्या आसपास दुसऱ्यांचे मॉड परस्पर उचलून ठेवणारी कितीतरी संकेतस्थळे येतात. त्यांच्याकडची फाइल कधी जुनी असते, कधी बदललेली. काही वेळा तर 'डाउनलोड'च्या बटणामागे `.exe` दडलेले असते. विंडोज फाइलचे शेवटचे शेपूट एरवी लपवते, त्यामुळे `sodium.jar.exe` हे नाव नुसते `sodium.jar` असे दिसते. शेपूट दिसेल अशी सेटिंग आधी करून घ्यावी. त्यानंतर मॉडच्या लेखकाने स्वतःच्या पानावर किंवा कोडच्या भांडारात ज्या ठिकाणाचा दुवा दिला आहे तिथेच जावे. हे ठिकाण बहुधा मॉड्रिंथ किंवा कर्सफोर्ज असते.

मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली किंवा डिस्कॉर्डवर आलेली फाइल तीच मूळ फाइल आहे का, हे तपासता येते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्या फोल्डरात जाऊन ही आज्ञा द्यावी:

```
(Get-FileHash .\sodium-fabric-mc1.20.1-0.5.3.jar -Algorithm SHA512).Hash.ToLower()
```

उत्तरादाखल 128 अक्षरांची एक ओळ मिळते. हा त्या फाइलचा ठसा असतो. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. तो ब्राउझरमध्ये या पत्त्यात `HASH` च्या जागी घालावा:

```
https://api.modrinth.com/v2/version_file/HASH?algorithm=sha512
```

मॉड्रिंथवर तीच फाइल असेल तर तिच्या आवृत्तीची माहिती उघडते, नसेल तर 404 ही त्रुटी येते. 404 आले म्हणून फाइल वाईटच ठरत नाही, ती फक्त कर्सफोर्जवर असू शकते. पण मित्राची फाइल वापरण्यापेक्षा मूळ पानावरून नवी उतरवून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

या तपासणीची मर्यादाही ओळखायला हवी. जून 2023 मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस उघडकीस आला. तो कर्सफोर्जवर आणि सर्व्हर-प्लगइनच्या बुकिट संकेतस्थळावर, लेखकांच्या खऱ्या खात्यांत शिरून चढवला गेला होता. म्हणजे ठिकाण अधिकृत, खाते खरे, ठसाही जुळणारा, आणि तरी आत चोर. हा कोड टप्प्याटप्प्याने आणखी फाइली उतरवायचा, ब्राउझरच्या कुकी आणि डिस्कॉर्ड व माइनक्राफ्टची लॉगिन-चिन्हे पळवायचा, आणि संगणकावरच्या इतर `.jar` फाइलींत स्वतःची प्रत घुसवायचा. सुरुवातीला अँटिव्हायरसच्याही तो ध्यानात येत नव्हता.

तो ओळखण्याची खूण लहान आणि नेमकी होती. विंडोजवर तो या जागी लपत असे:

```
%LOCALAPPDATA%\Microsoft Edge\libWebGL64.jar
```

खऱ्या एज ब्राउझरचे फोल्डर `Microsoft\Edge` आहे, एकात एक अशी दोन फोल्डरे. इथे मात्र दोन्ही शब्द एकाच फोल्डरच्या नावात, मध्ये फक्त रिकामी जागा. नजर सहज चुकते. लिनक्सवर त्याची जागा `~/.config/.data/lib.jar` ही होती.

हल्ले सहसा नव्या फाइलींतून येतात आणि काही दिवसांत पकडले जातात. म्हणून ओळखीच्या मॉडची आलेली ताजी आवृत्ती त्याच रात्री न टाकता थोडे थांबावे, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय आहे. वेग किंवा नकाशा दाखवणाऱ्या एखाद्या मॉडने खेळ सुरू होताच खात्याचा पासवर्ड मागितला, किंवा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना सोबत आली, तर ती फाइल तिथेच काढून टाकावी.

लागण झालीच, तर फक्त तो मॉड काढून भागत नाही, कारण शेजारच्या `.jar` फाइलीही दूषित झालेल्या असू शकतात. आधी संगणक इंटरनेटपासून तोडावा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत आणि प्रत्येक खात्यात 'सर्व ठिकाणांहून लॉगआउट' करावे, कारण चोरलेली कुकी काही वेळा पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते. मग विंडोज नव्याने बसवून लोडर आणि मॉड मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवावेत. `saves` मधली जगे ही नोंदींची माहिती असते, `.jar` नव्हे. फ्रॅक्चरायझरचे लक्ष्य `.jar` फाइली असल्याने अनेक महिने बांधलेले गाव अशा वेळीही प्रत करून वाचवता येते.