उलटा क्रम की व्यस्त प्रमाण? एन्ट्रीचे गठ्ठे वाटताना

लातूरच्या एखाद्या कॉम्प्युटर सेंटरवर शेतकऱ्यांचे १८०० अर्ज भरायला आलेत असं धरा. टायपिस्ट तिघं. औशाच्या ताईला एका अर्जाला २ मिनिटं लागतात, चाकूरच्या दादाला ३ आणि निलंग्याच्या काकांना ६. काम सगळ्यांचं एकदमच संपायला हवं.

इथे बहुतेक जण २:३:६ हे आकडे उलटे मांडतात, ६:३:२. जलद हाताला जास्त, संथ हाताला कमी, म्हणजे बरोबरच वाटतं. टायपिस्ट दोघंच असते तर ते बरोबर ठरलंही असतं, म्हणून तर ही सवय जडते. तिघांत मात्र या वाटणीने ताईला ९८२ अर्ज येतात, दादाला ४९१, काकांना ३२७. ताई आणि काका दोघंही पावणेतेहतीस तासांच्या आसपास उठतात, पण दादा साडेचोवीस तासांतच मोकळा होतो. दोन टोकं जुळतात, म्हणून चूक पटकन दिसत नाही. मधला माणूस रिकामा बसला की समजावं, आकडे नुसते उलटे केलेत.

व्यस्त प्रमाण म्हणजे प्रत्येकाचा वेग काढून वाटणं. तासाला ताईचे ३० अर्ज, दादाचे २०, काकांचे १०, मिळून ६०. १८०० ला ६० ने भागलं की ३० तास. म्हणून ९००, ६०० आणि ३०० अर्ज द्यायचे.

हा वेग टायपिंगच्या सर्टिफिकेटवरून घेऊ नये. मिनिटाला ४० शब्दांचा हातसुद्धा गिचमिड अक्षरातला गट नंबर लावताना अडतोच. त्याच गठ्ठ्यातले वीसेक अर्ज प्रत्येकाकडून भरून घ्यावेत, आणि तपासणीचा वेळही त्यातच धरावा.

आता सर्व्हर. प्रत्येक अर्ज सेव्ह व्हायला एक मिनिट जास्त लागायला लागलं, तर त्रास सगळ्यांना सारखाच, मग वाटणी कशाला बदलायची, असं वाटतं. पण मिनिटं आता ३, ४ आणि ७ झाली. ताईच्या अर्जाचा वेळ दीडपट झाला, काकांचा जेमतेम सहाव्या हिश्श्याने वाढला. जुनीच वाटणी ठेवली तर काका ३५ तासांत उठतील, दादा ४० तासांत आणि सगळ्यांत जलद ताई ४५ तास बसून राहील. सर्व्हर पहिल्यापासूनच संथ असेल तर वाटणी ८२६, ६२० आणि ३५४ अशी हवी; मग तिघंही साधारण सव्वाएकेचाळीस तासांत उठतात. वीज किंवा नेट गेलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा सगळेच थांबतात आणि वाटणीला धक्का लागत नाही.

सर्व्हरचा भरवसा नसतो, म्हणून सुरुवातीला १८०० पैकी १५०० च वाटावेत. उरलेले ३०० टेबलावर ठेवून शेवटी दहा-दहाच्या जुड्यांनी द्यावेत, ज्याची जुडी संपेल त्याने पुढची उचलावी.