फ्रीझ की हाइड? स्क्रीनशॉटमधल्या गायब ओळींचा हिशेब

बडोद्यात आमच्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये असतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो त्याचा स्क्रीनशॉट. मग कुणीतरी म्हणतं, "एवढं परत टाइप करून द्या ना." टाइप करायला हरकत नाही. पण डाव्या कडेला ओळींचे आकडे १, २ आणि मग थेट २३ असे दिसले, तर टाइप करणाऱ्याने आधी थांबायला हवं. मधल्या ओळी फ्रीझमुळे दिसत नाहीत की कुणी हाइड केल्यात, हे ठरल्याशिवाय टेबल बरोबर होत नाही. दोन्हींत आकडा उडी मारतो, म्हणून घोळ होतो.

फ्रीझ म्हणजे वरची शीर्षकं जागेवर खिळवून खालची शीट सरकवलेली असते. ३ ते २२ या ओळी शाबूत असतात, फक्त त्या क्षणी शीर्षकाखाली सरकून गेलेल्या असतात. एक्सेलमध्ये अशा ठिकाणी एक बारीक गडद रेघ आडवी संपूर्ण शीटभर जाते. गूगल शीट्समध्ये ती जाडसर राखाडी पट्टी दिसते. शीर्षकाची ओळ २३ व्या ओळीला चिकटून दिसली तरी कॉलम जुळतात, कारण शीट आडवी सरकवली की शीर्षकंही तिच्याबरोबर सरकतात. त्यामुळे "जमा"च्या खालचा आकडा जमेचाच, यात शंका घ्यायचं कारण नाही.

हाइड म्हणजे कुणीतरी मुद्दाम ओळी लपवल्या आहेत. तिथे शीटभर रेघ नसते. खूण असते ती आकड्यांच्या पट्टीत: एक्सेलमध्ये दोन आकड्यांच्या मधली रेघ दुहेरी दिसते, गूगल शीट्समध्ये छोटे बाण दिसतात. एक्सेलमध्ये ओळींचे आकडे निळे असतील तर फिल्टर लावलेला आहे. तेव्हा ओळी हाताने लपवलेल्या नसून एखाद्या निकषाने गाळल्या गेल्यात, उदाहरणार्थ फक्त रावपुऱ्याचे देणगीदार.

एक पेच मात्र उरतो. फ्रीझच्या रेघेला लागूनच ओळी हाइड केल्या असतील तर? तेव्हा उजव्या कडेची स्क्रोलपट्टी बघा. तिचा दांडा अगदी वर असेल, तर शीट सरकवलेलीच नाही, म्हणजे ३ ते २२ लपवलेल्या आहेत. दांडा खाली असेल तर शीट सरकवलेली आहे. पण त्या वीस ओळींतही काही लपवलेल्या असू शकतात, आणि ते या एका चित्रावरून कळणार नाही. मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटमध्ये स्क्रोलपट्टी बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथे अंदाज न बांधता विचारावं.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चित्रात ओळी १ आणि २ वर खिळलेल्या आहेत, खाली शीटभर रेघ आहे आणि स्क्रोलपट्टीचा दांडाही खाली आहे. मग २३, २४, २५, २६, त्यानंतर ३०, ३१, ३२, ३३ आणि ३४ व्या ओळीत "एकूण". २६ आणि ३० यांच्या मध्ये पट्टीत दुहेरी रेघ आहे. म्हणजे वरचं अंतर सरकवल्यामुळे पडलंय आणि खालच्या तीन ओळी लपवलेल्या आहेत. अनुक्रमांकाचा कॉलमही इथे साक्ष देतो. २६ व्या ओळीत २४ आहे आणि ३० व्या ओळीत २८, तेव्हा लपलेल्या तीनही ओळी देणगीदारांच्याच असाव्यात. २४ नंतर सरळ २५ आला असता, तर मधल्या ओळींत एखादी उपबेरीज किंवा टीप असण्याची शक्यता जास्त होती. अनुक्रमांक सूत्राने येत असेल तर मात्र ही साक्ष कच्ची, कारण काही सूत्रं फक्त दिसणाऱ्या ओळीच मोजतात.

टेबल करताना मूळ ओळीचा आकडा पहिल्या कॉलममध्ये ठेवावा. तो टाकला नाही, तर नव्या शीटमध्ये सगळ्या ओळी एकाखाली एक बसतात आणि खिंडार होतं याचा पुरावाच नाहीसा होतो. शेवटी "स्थिती" हा कॉलम हवा. नावं इथे गाळली आहेत:

```
मूळ ओळ,अ.क्र.,विभाग,जाहीर,जमा,स्थिती
3 ते 22,,,,,सरकवल्याने दिसत नाहीत
23,21,दांडिया बाजार,501,501,दिसते
24,22,रावपुरा,1001,1001,दिसते
25,23,रावपुरा,501,,रिकामे
26,24,वाडी,251,251,दिसते
27,,,,,लपवलेली
28,,,,,लपवलेली
29,,,,,लपवलेली
30,28,वाडी,1100,1100,दिसते
31,29,वाडी,501,501,दिसते
32,30,रावपुरा,2100,2100,दिसते
33,31,वाडी,501,501,दिसते
```

२५ वी ओळ नीट बघा. तिथला "जमा"चा चौकोन आपल्याला दिसतोय आणि तो रिकामा आहे. २७ व्या ओळीतला चौकोन आपण पाहिलेलाच नाही. दोन्हीकडे काहीच टाइप केलेलं नाही, पण अर्थ निराळा, आणि तो स्थितीच्या कॉलमशिवाय कळत नाही. २५ मध्ये शून्यही टाकू नये: पैसे आले नाहीत की नोंद राहिली, हे खजिनदारालाच ठाऊक. २७ ते २९ मध्ये २५, २६, २७ हे अनुक्रमांकही मी टाकलेले नाहीत. ते जवळजवळ नक्की असले तरी वाचलेले नाहीत. "लपवलेली" हा शब्द जमेच्या कॉलममध्ये लिहायचाही मोह होतो. पण आकड्यांच्या कॉलममध्ये मजकूर आला की पुढे `=D8-E8` सारखं सूत्र `#VALUE!` दाखवतं. आणि हो, `3-22` असं लिहू नका, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

मग ताळा घ्यायचा:

```
=SUMIF(F:F,"दिसते",E:E)
```

उत्तर ५,९५५ येतं. चित्रातल्या "एकूण"मध्ये मात्र १८,४६० आहेत. फरक १२,५०५ रुपयांचा. इथेच बरेच जण घसरतात: तो फरक न दिसलेल्या ओळींत वाटून टाकतात, म्हणजे हिशेब "जुळतो". पण हा फरक नेमक्या किती ओळींचा, हेही चित्र सांगत नाही. एकूणचं सूत्र `SUM` असेल तर त्यात लपवलेल्या ओळी धरलेल्या असतात, म्हणजे फरक तेवीस ओळींचा. `SUBTOTAL(109,…)` असेल तर लपवलेल्या ओळी वगळल्या जातात आणि फरक फक्त वरच्या वीस ओळींचा उरतो. `SUBTOTAL(9,…)` हाताने लपवलेल्या ओळी धरतं, फिल्टरने गाळलेल्या सोडतं. स्क्रीनशॉटमध्ये निवडलेला चौकोन नेमका एकूणचाच असेल आणि वरची सूत्रपट्टी कापली गेली नसेल, तर हा प्रश्न तिथेच सुटतो. नाहीतर फरक वेगळा लिहून ठेवायचा, कुठल्याही ओळीत घालायचा नाही.

चित्रातून थेट डेटा उचलण्याची सोय एक्सेलमध्ये आहे, तीही वापरा. पण तिला अंतराचा अर्थ कळत नाही. ती शीर्षकाखाली २३ वी ओळ सरळ जोडून देते, त्यामुळे मूळ ओळीचा कॉलम तपासणं आपल्याकडेच राहतं.

विचारणाही दोन्हींसाठी वेगळी करावी लागते, आणि नेमकी केली तर काम एका निरोपात होतं: "काका, शीट वर सरकवून ३ ते २२ चा एक फोटो पाठवा. आणि २६ ते ३० चे आकडे एकदम सिलेक्ट करून राइट क्लिक, अनहाइड करा, मग त्याचाही एक. शिवाय एकूणच्या चौकोनावर क्लिक करून वरची पट्टी दिसेल असा एक फोटो." नुसतं "पूर्ण पाठवा" म्हटलं की बहुधा तोच स्क्रीनशॉट पुन्हा येतो, या वेळी जरा मोठा करून. लपवलेल्या ओळी दाखवायच्या नसतील तर काका तसं सांगतील. मग त्या तीन ओळी टेबलात "लपवलेली" म्हणूनच राहतात.

डावीकडची आकड्यांची पट्टीच कापलेली असेल, तर यातलं काहीच करता येत नाही. अनुक्रमांक सलग असले तरी मधे काही नाही असं म्हणता येत नाही. अशा वेळी दिसेल तेवढं टाइप करून वर एक ओळ लिहावी: "मूळ ओळींचे आकडे चित्रात नाहीत, मध्ये ओळी गाळल्या आहेत का ते माहीत नाही."