व्हिडिओ पाठवण्यापूर्वी त्यातील ठिकाणाची व कॅमेऱ्याची माहिती कशी काढावी

आमच्याकडे संपादनासाठी व्हिडिओ देणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आम्ही तयार करून दिलेली फाइल स्वच्छ असते. परंतु कॅमेऱ्यातून उतरवलेली मूळ फाइल आपण स्वतः इंटरनेटवर टाकणार असाल, तर पुढील मजकूर अवश्य वाचावा.

फोनवर चित्रित केलेल्या एमपी४ किंवा एमओव्ही फाइलमध्ये दृश्य आणि ध्वनी यांखेरीज एक माहितीचा भाग असतो. कॅमेरा ॲपला ठिकाण वापरण्याची परवानगी दिलेली असेल, तर त्यात चित्रीकरणाच्या जागेचे अक्षांश-रेखांश एका ओळीत लिहिले जातात. एव्हरेस्टच्या शिखरावर काढलेल्या व्हिडिओत ती ओळ साधारण अशी दिसेल:

```
+27.9881+086.9250+8848/
```

शेवटचा आकडा मीटरमधील उंचीचा आहे. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या अंकातील एकाचा फरक म्हणजे जमिनीवर जास्तीत जास्त सुमारे 11 मीटर. त्यामुळे घरात काढलेल्या व्हिडिओवरून बहुधा ती इमारतच ओळखता येते. याच भागात फोनची कंपनी, मॉडेल आणि चित्रीकरणाची वेळही आढळते. आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पर्यायांमध्ये ‘लोकेशन’ बंद करता येते, पण त्याने फक्त ठिकाण वगळले जाते. कॅमेऱ्याची परवानगी काढून घेतल्यास ती पुढच्या व्हिडिओंना लागू होते, आधीच्या फाइली तशाच राहतात.

खरी अडचण हेल्मेटवर किंवा सायकलवर लावायच्या ॲक्शन कॅमेऱ्यांची आहे, आणि आम्हाला तीच अधिक गंभीर वाटते. जीपीएस असलेल्या गोप्रो कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या फाइलमध्ये दृश्य आणि ध्वनीच्या ट्रॅकशेजारी मोजमापांचा एक स्वतंत्र ट्रॅक असतो आणि त्यात चित्रीकरण चालू असेपर्यंत स्थान व वेग सतत नोंदवले जातात. म्हणजे फाइल हाती आलेल्या माणसाला एक जागा नव्हे, तर घरापासूनचा संपूर्ण मार्ग मिळतो. कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही फाइलमध्ये असतो. अशा फाइलवर एक्झिफटूल या फाइलमधील माहिती वाचणाऱ्या व पुसणाऱ्या साधनाचा `-all=` हा आदेश चालवून काम झाले असे अनेकजण मानतात. परंतु तो आदेश हा स्वतंत्र ट्रॅक काढत नाही.

म्हणून आधी फाइलमध्ये काय आहे ते पाहावे. एक्झिफटूल आणि व्हिडिओ फाइली हाताळणारे एफएफएमपेग ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि त्यांचे आदेश संगणकाच्या कमांड लाइनवर लिहून चालवावेत. `ride.mp4` च्या जागी आपल्या फाइलचे नाव लिहावे.

```
exiftool -ee -G1 -a -s ride.mp4
```

यातील `-ee` विसरू नये. ते नसेल तर ट्रॅकच्या आतील नोंदी वाचल्या जात नाहीत आणि फाइल निर्धोक असल्याचा गैरसमज होतो. त्यानंतर फक्त दृश्य आणि ध्वनी उचलून नवी फाइल तयार करावी:

```
ffmpeg -i ride.mp4 -map 0:v:0 -map 0:a:0 -c copy \
  -map_metadata -1 -map_metadata:s -1 \
  -fflags +bitexact clean.mp4
```

दोन `-map` सूचनांमुळे पहिला दृश्य ट्रॅक आणि पहिला ध्वनी ट्रॅक एवढेच नव्या फाइलमध्ये जातात, आणि जीपीएसचा ट्रॅक मागेच राहतो. पुढच्या दोन सूचना अनुक्रमे संपूर्ण फाइलची आणि प्रत्येक ट्रॅकची माहिती वगळतात. `-c copy` मुळे दृश्य पुन्हा संकुचित होत नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम लवकर संपते. व्हिडिओला ध्वनी नसेल, तर `0:a:0` असलेली सूचना काढून टाकावी, अन्यथा आदेश त्रुटी दाखवून थांबतो.

आता पहिला तपासणीचा आदेश `clean.mp4` वर चालवावा. त्यात ‘GPS’ असलेली एकही ओळ, मॉडेल किंवा अनुक्रमांक दिसता कामा नये, आणि चित्रीकरणाच्या तारखेच्या जागी शून्ये दिसावीत. फाइल बदलल्याची तारीख व फोल्डरचे नाव दिसेल. ते आपल्या संगणकाकडून वाचलेले असते, व्हिडिओच्या आतले नसते. नवी फाइल एकदा चालवूनही पाहावी, विशेषतः फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ आडवा झालेला नाही ना, याची खात्री करावी.

हे काम करून देणाऱ्या संकेतस्थळांचा वापर आम्ही सुचवत नाही, कारण माहिती काढण्यासाठी मूळ फाइल, तिच्यातील ठिकाणासह, आधी त्यांच्याच हाती द्यावी लागते. संदेशाच्या ॲपवरून व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास फाइल जशीच्या तशी जाते, म्हणून तेथेही स्वच्छ केलेली प्रतच जोडावी. मूळ फाइल मात्र पुसू नये, कारण वगळलेल्या नोंदी नव्या फाइलवरून परत मिळवता येत नाहीत. ती सामायिक फोल्डरबाहेर ठेवावी.

या पद्धतीने चित्रातील मजकूर बदलत नाही. घराची पाटी, वाहनाचा क्रमांक किंवा कॅमेऱ्याने चित्रावरच छापलेली तारीख झाकायची असल्यास ते संपादनाचे काम आहे, आणि फाइल आमच्याकडे देताना तसे स्पष्ट लिहून कळवावे.