तीन वर्षांची मुदत आणि सहीची एक ओळ : उसन्या पैशांच्या दाव्यामागचा इतिहास

ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा लावायला कोणी आले की वकील रकमेच्या आधी तारीख विचारतो. पैसे कधी दिले, आणि त्यानंतर घेणाऱ्याने सहीनिशी काही लिहून दिले आहे का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर दावा टिकणार की नाही हे बरेचसे ठरते. रक्कम खरी असली, साक्षीदार असले, बँकेचा उतारा असला, तरी मुदत संपलेली असेल तर 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 3 न्यायालयाला दावा फेटाळायला सांगते; प्रतिवादीने तो मुद्दा घेतला नसला तरीही. उशीर माफ करण्याची तरतूद कलम 5 मध्ये आहे, पण ती अपिलांना आणि अर्जांना लागू आहे, मूळ दाव्याला नाही. इतका कडक नियम कोठून आला आणि त्यातून सुटायची, म्हणजे मुदत नव्याने सुरू करायची, वाट म्हणून कर्जदाराची लेखी कबुलीच का मानली गेली, हे पाहायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुदतीचा नियम माहीमच्या खाडीच्या दोन बाजूंना वेगवेगळा होता. मुंबई बेटावर सुप्रीम कोर्ट होते आणि तेथे इंग्लंडचा 1623 चा मुदतीचा कायदा चाले, ज्यात साध्या कर्जाला सहा वर्षे मिळत. खाडी ओलांडून साष्टीत आले की मुलूख ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा, आणि तेथे मुंबई सरकारचा 1827 चा पाचवा रेग्युलेशन लागू होता. म्हणजे त्याच सावकाराने दादरच्या माणसाला दिलेले पैसे एका मोजपट्टीने मोजले जात आणि ठाण्याच्या माणसाला दिलेले दुसऱ्या.

लेखी कबुलीचा आग्रहही याच काळातला आहे. इंग्लंडच्या 1623 च्या कायद्यात कबुलीबद्दल शब्द नव्हता. कर्जदाराने देणे मान्य केले की त्यातून नवे वचन निघते, असे म्हणून न्यायाधीशांनीच ती वाट काढली होती. पण कबुली तोंडी चालत असल्यामुळे कोण कोणापाशी काय बोलला यावर खटले रंगू लागले आणि मुदतीचा कायदा नावापुरता उरला. म्हणून 1828 मध्ये लॉर्ड टेंटरडेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ठरवले की कबुली लेखी आणि कर्जदाराच्या सहीची हवी. तोच नियम 1840 च्या चौदाव्या कायद्याने हिंदुस्थानातही आणला गेला.

साऱ्या मुलखाला एक कायदा मिळाला तो 1859 मध्ये. त्याची अंमलबजावणी 1862 पासून झाली आणि साध्या, नोंदणी न केलेल्या कर्जाची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू असा होता की जुन्या कागदांवरून रयतेला पिढ्यानपिढ्या छळले जाऊ नये. दख्खनमध्ये मात्र त्याचे फळ उलटे निघाले. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि वाढलेल्या रकमेचा नवा रोखा लिहून घेई. ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा दर तीन वर्षांनी अधिक मोठ्या आकड्याखाली उमटत गेला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे दंगा पेटला तेव्हा लोकांनी सावकारांच्या घरांतून हे रोखेच बाहेर काढून जाळले, आणि नंतर नेमलेल्या आयोगाने मुदतीच्या कायद्याकडेही बोट दाखवले. त्यामुळे 1879 च्या दख्खन शेतकरी मदत कायद्यात शेतकऱ्यावरील दाव्यांची मुदत उलट वाढवली गेली : नोंदणीकृत दस्तावर बारा वर्षे, इतरांवर सहा. मुदत लांबली की सावकाराला रोखा बदलून घेण्याची घाई राहणार नाही, हा त्यामागचा विचार. मला हा सारा प्रसंग मुदतीच्या कायद्यातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण कबुली ही धनकोची ढाल असते तशीच ती ऋणकोच्या गळ्यातला फासही होऊ शकते, हे त्यात ढळढळीत दिसते.

पुढे सर्वसाधारण कायदा 1871, 1877 आणि 1908 मध्ये नव्याने लिहिला गेला आणि आजचा कायदा 1 जानेवारी 1964 पासून लागू झाला. उसन्या पैशांची तीन वर्षे त्यात तशीच राहिली. लेखी कबुलीचा नियम 1908 च्या कायद्यात कलम 19 होता, तो आता कलम 18 आहे.

आता आजचे एक उदाहरण घेऊ. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी ऐरोलीत फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या मावसभावाला 8 जुलै 2022 रोजी आरटीजीएसने सहा लाख रुपये हातउसने दिले. बोलणे इतकेच की "दादा, तुम्ही मागाल तेव्हा देईन." गृहस्थांनी नात्यामुळे दोन वर्षे मागितलेच नाहीत. त्यांची समजूत अशी की मागितले नाही तोवर मुदत सुरू होत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत अशी समजूत करून घेतलेली कितीतरी माणसे भेटतात, आणि तीच सर्वांत महागात पडते. कायद्याच्या परिशिष्टातील अनुच्छेद 21 असा आहे की मागताच परत करायच्या अटीवर दिलेल्या कर्जाची तीन वर्षे कर्ज दिल्या दिवसापासून धावतात. त्यामागचा जुना तर्क असा की पैसे हातात पडताच देणे उभे राहते. मागणी ही फक्त आठवण आहे, देण्याची अट नव्हे. मागणीच्या दिवसापासून मुदत धावते ती ठेवीला, अनुच्छेद 22 खाली. म्हणून पैसे कर्ज म्हणून दिले की ठेव म्हणून, यावर अशा दाव्यांत बरीच झुंज होते. घराघरांतल्या विश्वासाच्या व्यवहाराला हा नियम कठोर आहे असे माझे मत आहे, पण कायदा आज तसाच आहे.

पहिला दिवस कलम 12 प्रमाणे मोजायचा नसतो. म्हणून या गृहस्थांची मुदत 8 जुलै 2025 रोजी संपणार होती. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये भावाने यूपीआयने पन्नास हजार परत केले. काही रक्कम फेडली की मुदत नव्याने सुरू होते हे कलम 19 सांगते, पण त्याला जोड अशी की फेड केल्याची नोंद फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या कागदावर दिसली पाहिजे. धनादेश दिला तर त्यावर सही असते. यूपीआयच्या नोंदीवर तशी सही कोठे आहे यावरच वाद उभा राहतो. त्या पन्नास हजारांच्या भरवशावर मुदत मोजत बसणे धोक्याचे होते.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. गृहस्थांनी फेब्रुवारी 2025 मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटिशीने मुदत एक दिवसही वाढत नाही, हे येथे ठासून सांगायला हवे. नोटीस धनकोची असते आणि कबुली ऋणकोची लागते. पण नोटिशीने रागावलेल्या भावाने 21 फेब्रुवारीला वहीच्या पानावर उत्तर लिहिले : "दादा, नोटीस पाठवायची काय गरज होती? तुमचे साडेपाच लाख माझ्याकडे आहेत, मी नाही कधी म्हणालो? पण वर्कशॉप बंद पडले आहे, आत्ता देणे होणार नाही." खाली सही आणि तारीख.

भावाला वाटले त्याने नकार दिला. कायद्याच्या नजरेत त्याने कबुली दिली. कलम 18 च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की कबुलीसोबत देण्यास नकार असला, देण्याची वेळ अजून आली नाही असे म्हटले असले, किंवा पत्र तिसऱ्याच माणसाला लिहिलेले असले, तरी ती कबुलीच राहते. देण्याचे वचनही लागत नाही. देणे आज उभे आहे एवढे लिहिणाऱ्याने मानले म्हणजे पुरे. इंग्लंडमध्ये कबुलीतून वचन शोधावे लागे. आपल्याकडे कायद्याच्या शब्दांत ती अट नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातल्या खटल्यांसाठी तेव्हाच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1906 मध्ये मणिराम शेठ विरुद्ध शेठ रूपचंद या खटल्यात मांडले. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये शापूर फ्रीडम मझदा विरुद्ध दुर्गाप्रसाद चमारिया या खटल्यात सांगितले की शब्द उदारपणे वाचावेत, पण त्यांतून चालू देण्याची जाणीव निघाली पाहिजे. उदारपणाच्या नावाखाली नसलेली कबुली घुसवता येणार नाही. "मी तुमच्याकडून पैसे घेतले होते" असे नुसते भूतकाळातले वाक्य असते तर वाद झाला असता. "माझ्याकडे आहेत" या शब्दांनी तो मिटवला.

तेव्हा 21 फेब्रुवारी 2025 पासून नवी तीन वर्षे सुरू झाली आणि शेवटचा दिवस 21 फेब्रुवारी 2028 झाला. लक्षात घ्यावे की जुन्या मुदतीत उरलेले साडेचार महिने यात मिळवले जात नाहीत. गणना सहीच्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून होते. चिठ्ठीवर तारीख नसती तर सही केव्हा झाली हे तोंडी पुराव्याने दाखवता आले असते, पण चिठ्ठीत काय होते हे तोंडी सांगता आले नसते. म्हणून तारखेपेक्षा कागद जपणे अधिक मोलाचे.

हीच चिठ्ठी भावाने सहा महिने उशिरा, 22 ऑगस्ट 2025 ला लिहिली असती तर? कलम 18 ची कबुली चालू मुदतीतच व्हावी लागते. 8 जुलै उलटून गेल्यावर ती कितीही स्पष्ट असली तरी मेलेल्या मुदतीत जीव येत नाही. तेव्हा एकच दार उरते, करार कायदा, 1872 च्या कलम 25(3) चे. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचन हा स्वतंत्र नवा करार ठरतो. पण तेथे "देणे आहे" पुरत नाही, "देईन" लागते. भावाची चिठ्ठी "देणे होणार नाही" म्हणते, त्यामुळे तेथे ती निरुपयोगी ठरली असती. एकच कागद एका तारखेला दावा वाचवतो आणि दुसऱ्या तारखेला काहीच करत नाही, तो या फरकामुळे.

पैसे भावाने आणि त्याच्या भागीदाराने मिळून घेतले असते तर चिठ्ठीचा उपयोग फक्त भावापुरता झाला असता, कारण कलम 20 प्रमाणे सहकर्जदारांपैकी एकाने केलेली कबुली केवळ तेवढ्या नात्याने दुसऱ्याला बांधत नाही.

उरते वादपत्र, म्हणजे दावा दाखल करताना न्यायालयात द्यायचे लेखी म्हणणे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 6 प्रमाणे मूळ मुदत संपल्यानंतर दावा लावताना सवलत कशाच्या आधारे मागतो हे वादपत्रातच लिहावे लागते. कर्जाची तारीख, कबुलीची तारीख, त्यातले शब्द आणि सही कोणाची, हे चारही तपशील तेथे हवेत. ते नसतील तर प्रतिवादी आदेश 7, नियम 11 खाली, वादपत्रावरूनच दावा मुदतबाह्य दिसतो म्हणून ते नामंजूर करा, असा अर्ज देतो, आणि खोक्यात जपून ठेवलेले वहीचे पान पुराव्यापर्यंत पोहोचण्याआधीच प्रकरण अडते.