ई-वे बिलातला चुकलेला आकडा आणि कलम १२९ ची नोटीस

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला तेव्हा राज्यांच्या सीमेवरचे नाके उठले, मुंबईची जकातही गेली. गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार मात्र कायद्यात राहिला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल आणि गाडीचा तपशील भरून पोर्टलवर काढलेला वाहतुकीचा कागद, सक्तीचे झाले आणि तपासणी मालापेक्षा कागदावर अधिक बेतली गेली. बिलावरचा प्रत्येक आकडा कोणीतरी हाताने भरलेला असतो, त्यामुळे चुका होणारच होत्या. माल आणि गाडी अडकवून दंड घेण्याच्या कलम १२९ मध्ये मात्र टायपिंगची चूक आणि करचोरी असा भेद नव्हता. दंडाची रक्कम मालावरच्या कराशी बांधलेली असल्याने एका अक्षरासाठी व्यापाऱ्यांना लाखांच्या नोटिसा जाऊ लागल्या.

यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी परिपत्रक क्रमांक ६४ काढले. नोटिशीला उत्तर देणाऱ्याचा मुख्य आधार आजही तेच आहे. किरकोळ चुकांसाठी कलम १२९ ची कारवाई सुरू करू नये, असे त्यात म्हटले आहे. जीएसटी क्रमांक बरोबर असताना नावाचे स्पेलिंग चुकणे, बीजक क्रमांकातले किंवा गाडी क्रमांकातले एक-दोन आकडे चुकणे, पहिले दोन आकडे आणि कराचा दर बरोबर असताना मालाचा प्रकार सांगणाऱ्या एचएसएन कोडचे पुढचे आकडे चुकणे, अशा चुका त्यात येतात. पिनकोडची चूकही येते, पण तिच्यामुळे बिलाची मुदत वाढलेली नसावी. ही अट महत्त्वाची आहे, कारण मुदत अंतरावर ठरते आणि लांबचा पिनकोड टाकून जास्त दिवस मिळवता येतात. अशा चुकांना सर्वसाधारण दंडाच्या कलम १२५ खाली केंद्र आणि राज्य मिळून १,००० रुपये दंड पुरेसा मानला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. माल ४ लाखांचा, कर १८ टक्के म्हणजे ७२,००० रुपये. गाडीचे शेवटचे चार आकडे ४५८१, ई-वे बिलावर पडले ४५१८. परिपत्रक लावले तर दंड १,००० रुपये. कलम १२९ लावले तर कराच्या दुप्पट, म्हणजे १,४४,००० रुपये. १ जानेवारी २०२२ पूर्वी कर आणि तेवढाच दंड घेत असत. आता दुप्पट रक्कम पूर्णपणे दंड म्हणूनच घेतली जाते. मालक पुढेच आला नाही, तर मालाच्या किमतीच्या निम्मी किंवा कराच्या दुप्पट यांतली मोठी रक्कम लागते, इथे २ लाख. म्हणून बीजक सोबत असेल तर मालकाने लगेच पुढे यावे. बीजक सोबत असलेल्या मालाचा मालक पाठवणारा किंवा घेणारा समजावा, हे मंडळाने ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

गाडी अडवली की आधी चालकाचा जबाब नोंदवतात, तो एमओव्ही-०१ या नमुन्यात. अडकवल्याचा आदेश एमओव्ही-०६ आणि नोटीस एमओव्ही-०७. नोटीस माल अडकवल्यापासून सात दिवसांत यायला हवी, आणि ती मिळाल्यापासून सात दिवसांत आदेश. त्यामुळे उत्तराला हातात दिवस थोडेच असतात. पहिली नजर एमओव्ही-०६ मध्ये लिहिलेल्या कारणावर टाकावी आणि उत्तर त्याच कारणाला द्यावे. आपल्या उदाहरणात गाडीचे आरसी बुक, बीजक, बिल्टी, चालकाचा जबाब आणि टोलच्या नोंदी जोडल्या, तर मालाची हीच गाडी होती हे दिसते. बीजकावर कर लावलेला आहे आणि माल हिशेबात नोंदलेला आहे, हेही दाखवावे. मग परिपत्रक ६४ मधली गाडी क्रमांकाची बाब उद्धृत करून कलम १२५ च्या दंडाची तयारी कळवावी आणि प्रत्यक्ष सुनावणी मागावी. कलम १२९(४) प्रमाणे बाजू ऐकल्याशिवाय दंड ठरवता येत नाही.

गाडी क्रमांकाचा भाग कोराच असेल, किंवा तीन आकडे चुकले असतील, तर परिपत्रकाचा थेट आधार मिळत नाही. करचोरीचा हेतू नव्हता हेच पुराव्याने मांडावे लागते. बिलाची मुदत संपलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये हाच विचार मान्य करून विभागाला खर्च भरायला लावला होता.

घाईत पैसे भरून माल सोडवणाऱ्यांची अडचण वेगळी. पैसे भरले की प्रकरण संपल्याचे मानून आदेशच दिला जात नसे आणि आदेश नसल्याने अपील करता येत नसे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसे भरले तरी अधिकाऱ्याने कारणांसह अंतिम आदेश द्यायलाच हवा. तेव्हा रक्कम भरावी लागलीच, तर आक्षेप नोंदवून भरावी, उत्तर दाखल करावे आणि एमओव्ही-०९ चा आदेश लेखी मागून घ्यावा. अपिलासाठी दंडाच्या १० टक्के रक्कम भरलेली असावी लागते; १ ऑक्टोबर २०२५ पूर्वी ती २५ टक्के होती.