मेंढी आणि वर्तुळातली फुली

“आधी चित्रं काढली, मग तीच सोपी होत होत अक्षरं झाली, असंच ना?”

अर्धंच खरं. आजच्या इराकमधल्या प्राचीन उरुक शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर मेंढीची खूण आहे वर्तुळात फुली. मेंढी दिसते का त्यात? पुरातत्त्वज्ञ डेनिझ श्मांट-बेसेरा यांच्या मते, ती फुली असलेल्या मातीच्या चकतीवरून आली. अशा सोंगट्या हिशेबासाठी हजारो वर्षं वापरात होत्या.

इ.स.पू. ३५००च्या सुमारास त्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर मोहर उमटवू लागले. पण आत किती आहेत, हे गोळा फोडल्याशिवाय कळेना! म्हणून काही गोळ्यांवर बाहेरूनच सोंगट्यांचे ठसे दाबले. ठसेच सांगतात म्हटल्यावर आतल्या सोंगट्या कशाला? गोळ्याची सपाट पाटी झाली.

हा धागा आकड्यांबाबत पक्का आहे. मेंढीबाबत अभ्यासकांत वाद आहे. मासा, जव यांच्या खुणा मात्र सरळ चित्रंच होती, टोकाने कोरलेली. ओल्या मातीत टोक ओढलं की कडेला माती उचलली जाते, रेघ फाटते. त्यापेक्षा बोरूचा कोपरा नुसता दाबायचा: डोकं रुंद, शेपूट निमुळती. तीच कीलाक्षर लिपीची पाचर.